नोकरी लागल्यावर आई-पप्पांना घरखर्चाबद्दल पत्र कसं लिहावं?

"शिरोली एमआयडीसीत नोकरी लागलीय. घरात पैसे द्यायचेत आणि थोडे साठवायचेतही. पप्पांसमोर बोलायला धीर होत नाही, म्हणून पत्र लिहितोय. काय लिहू?"

सुरुवातीलाच हातात येणारा पगार लिहा. घरच्यांच्या डोक्यात ऑफर लेटरवरचा आकडा बसलेला असतो. माझा 24,000 होता. पीएफचे 1,800 आणि व्यवसाय कराचे 200 कापून खात्यात 22,000 यायचे. ओटीचे पैसे हिशोबात धरू नका. गाड्यांच्या सुट्या भागांच्या ऑर्डरी कमी झाल्या की फौंड्रीत पहिल्यांदा ओटीच बंद होते, आणि घरात दिलेला शब्द मोडतो.

'मदत करीन' असं मोघम लिहू नका, खर्च नाव घेऊन उचला. माझ्या पत्रातला मजकूर साधारण असा होता:

"ती. पप्पा आणि ती. सौ. आई यांना शि. सा. नमस्कार. दर महिन्याच्या दहा तारखेला मी घरात 7,000 देणार. दूध, लाईट बिल आणि किराणा त्यातून भागवायचा. त्याच दिवशी 6,000 माझ्या आरडीत जातील. उरलेल्या 9,000 मध्ये माझं पेट्रोल, मोबाईल, कपडे भागतील. घरात दिलेले पैसे खर्चायलाच आहेत. माझ्या नावानं भिशीत किंवा सोन्यात घालू नका."

शेवटचं वाक्य अवश्य घाला. आपल्याकडे आया पोराचे पैसे खर्चत नाहीत, त्याच्या लग्नासाठी गुपचूप बाजूला टाकतात. माया असते ती, पण पप्पांच्या खिशावरचा भार तेवढाच राहतो. दोन महिन्यांनंतरही दूधवाल्याचं बिल पप्पाच देत असतील, तर तसंच चाललंय समजा. मग दूधवाल्याला आणि किराणा दुकानात तुम्हीच पैसे द्या, लाईट बिल स्वतःच्या मोबाईलवरून भरा, आणि उरलेलेच आईच्या हातात ठेवा.

बचतीचं कारणही पत्रात उघड लिहा, नाहीतर पोरगं वेगळं व्हायचा विचार करतंय अशी शंका येते. मी हिशोबच मांडला. आरडीत वर्षाला व्याज सोडून 72,000 जमतात. घरचे 7,000 आणि माझे 9,000 मिळून महिन्याला 16,000 लागतात. म्हणजे कंत्राट संपून घरी बसावं लागलं, तरी चार महिने दूध-किराणा थांबणार नाही. पप्पांना हे लगेच पटलं, कारण त्यांनीही कारखान्यातला ले-ऑफ बघितलेला आहे.

हे पैसे पीपीएफमध्ये टाकू नका. त्याची मुदत 15 वर्षांची, अडीनडीला सहज हाताशी येत नाहीत. बँकेची आरडी मोडली तर व्याज थोडं कमी मिळतं, मुद्दल मात्र हातात येतं.

आणि पत्रात एक तारीख टाका, की पगारवाढ झाल्यावर दिवाळीत हा आकडा पुन्हा बसून ठरवू. म्हणजे मधल्या काळात दर महिन्याला तोच विषय निघत नाही.