कर्जात भरलेला पैसा परत येत नाही

प्रिय बापू,

तुझं पत्र मिळालं. बारा लाख कर्ज बाकी, व्याज साडेआठ टक्के, बारा वर्षं राहिलेली, हप्ता 13,321 आणि हाती चार लाख. चारही लाख भरले तर साडेपासष्ट हप्ते कमी होतात आणि 4.72 लाख व्याज वाचतं, हा तुझा हिशेब बरोबर आहे. तरी चार लाख भरू नको. दीड लाख भर आणि अडीच लाख अडीअडचणीची गंगाजळी म्हणून एफडीत ठेव.

कर्जात भरलेला पैसा परत येत नाही. जूनमध्ये बियाण्याला पैसे लागले म्हणून बँकेकडे गेलास, तर मॅनेजर टॉप-अप कर्जाचा फॉर्म पुढे करील. त्याला वेळ लागतो, आणि पेरणी थांबत नाही.

आता गंगाजळी बाजूला ठेवायला किती खर्च येतो ते पाहा. इथे तुझं गणित घसरलं. ती रक्कम घरात ठेवली म्हणजे साडेआठ टक्के बुडाले असं तू धरलंस. एफडीत साडेसहा टक्के मिळत असतील तर बुडतात ते दोनच टक्के. अडीच लाखांवर वर्षाला पाच हजार, म्हणजे महिन्याला चारशे-सव्वाचारशे. एफडीच्या व्याजावर कर बसला तर थोडे जास्त धर. हे त्या पैशाचं भाडं समज.

दुसऱ्या बाजूला सावकार बसलाय. महिना शेकडा तीनने एक लाख उचलले आणि जूनपासून जानेवारीत कापूस विकेपर्यंत आठ महिने फिरले, तर 24,000 गेले. त्या भाड्याची जवळजवळ पाच वर्षं एका हंगामात संपली.

अडीच लाखच का, तर तूच दिलेल्या आकड्यांवरून. सहा हप्ते म्हणजे ऐंशी हजार. घरखर्च महिना पंधरा हजार, सहा महिन्यांचे नव्वद. उरलेले ऐंशी हजार तुझ्या बाबांच्या पीककर्जाच्या भरण्यासाठी, आणि ते तू हिशेबातच धरले नव्हतेस! मुदतीत भरणा झाला तरच व्याजाची सवलत मिळते. मुदत चुकली तर सवलत जाते, आणि खरिपाचं नवं कर्जही अडतं. भाव वाढेल म्हणून कापूस घरात पडून असतो, तेव्हाच नेमका भरणा येतो. कोरडवाहू पाच एकर असलेल्या घराला नुसती पगारदाराची सहा महिन्यांची गंगाजळी पुरत नाही रे.

अडीच लाखांची एकच एफडी करू नको. पन्नास-पन्नास हजारांच्या पाच कर. अडचणीला एकच मोडायची, बाकीचं व्याज चालू राहतं. खात्यावर बायकोचंही नाव घाल, आणि मुदतीआधी तिच्या एकटीच्या सहीनं एफडी मोडता येईल ना, हे बँकेत विचारून घे. तू दवाखान्यात असलास तर सही कोण करणार?

उरले दीड लाख. ते भर, त्यात घोळ घालू नको. तुझं कर्ज फ्लोटिंग दराचं आहे आणि तुझ्या वैयक्तिक नावावर आहे, त्यामुळे बँकेला मुदतपूर्व भरण्याचा दंड लावता येत नाही. पण पैसे नुसते कर्जखात्यात टाकून घरी येऊ नको. अर्ज लिहून दे: ‘ही रक्कम मुद्दलात वळती करावी, हप्ता तोच ठेवावा, मुदत कमी करावी.’ पोच घे. दीड लाखांनी मुदत घटवलीस तर अठ्ठावीस हप्ते कमी होतात आणि सव्वादोन लाखांच्या वर व्याज वाचतं. बँकेनं हप्ता घटवला तर तो 11,656 होईल आणि वाचेल फक्त नव्वद हजारांच्या आसपास. पैसा तोच, नुसत्या एका ओळीचा फरक. कधी कधी ही रक्कम पुढच्या हप्त्यांची आगाऊ भरणी म्हणून धरली जाते, मग मुद्दल घटतच नाही. ओळखायचं सोपं आहे. पुढच्या महिन्याच्या उताऱ्यात व्याजाचा आकडा बघ. आता तो साडेआठ हजारांच्या आसपास असतो, तो साडेसात हजारांजवळ आला पाहिजे. नाही आला तर अर्जाची पोच घेऊन त्याच दिवशी शाखेत जा.

कर्ज डोक्यावर असलं की झोप लागत नाही, असं तू लिहिलंस. कबूल. पण हप्ता थकल्यावरची झोप वेगळी असते. मला भित्रा म्हण, जुन्या वळणाचा म्हण, माझं म्हणणं बदलत नाही: कर्जात भरलेला पैसा परत येत नाही, एफडीतला येतो. पुढच्या वर्षी कापूस विकून, भरणा करून, अडीच लाख शाबूत राहिले तर वर उरेल ते पुन्हा भर.

दीड लाखांचा अर्ज लिहिलास की आधी मला दाखव.

तुझा,
काका