चौघांची चार उत्तरं आणि काटा पावती

‘सर, मी अंबाजोगाईत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला तपासाच्या क्षेत्रात जायचंय, पीएसआयची तयारी सुरू केलीय. पण एका घटनेबद्दल चार माणसं चार गोष्टी सांगतात, तेव्हा खरं कोण हे तपास अधिकारी ठरवतो कसं? हे शिकता येतं का?’ – एक विद्यार्थिनी

शिकता येतं. आपल्याच भागातलं एक प्रकरण कल्पून दाखवतो.

गळीत हंगामातली संध्याकाळ. उसाच्या ट्रॅक्टरने दुचाकीला उडवलं, चालक थांबला नाही. जखमीचा भाऊ दुसऱ्या दिवशी फिर्यादीत सांगतो, ‘साडेसातला झालं.’ ट्रॅक्टरवाला म्हणतो, ‘साडेसातला मी कारखान्याच्या यार्डातच होतो, ही बघा काटा पावती.’ रस्त्यावरचा हॉटेलवाला म्हणतो, ‘वेळ नाही सांगता येत, पण लाईट गेली आणि पाचेक मिनिटांत आवाज आला.’

यातला कोण खोटारडा वाटतो, या विचारात पडलीस की तपास तिथेच अडकतो. आधी एक कागद घे आणि चार रकाने पाड: वेळ, काय घडलं, कोण सांगतं, आणि ही वेळ कोणत्या घड्याळावरून आली. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. भावाची वेळ कोणत्याच घड्याळावरून आलेली नाही, तो तर निरोप मिळाल्यावर पोचला. हॉटेलवाल्याने वेळ सांगितलीच नाही, पण क्रम सांगितला. माणसाला वाजले किती हे आठवत नाही, कशानंतर काय झालं हे बऱ्यापैकी आठवतं. म्हणून त्याचं वाक्य मला सोन्यासारखं वाटतं. महावितरणच्या उपकेंद्रात फीडर कधी बंद पडला याची नोंद असते. तिथे ७ वाजून १२ मिनिटं सापडली, तर आवाज साधारण ७:१७ चा.

आता काटा पावती. ऊस घेऊन आलेलं वाहन दोनदा काट्यावर चढतं, आधी भरलेलं, मग खाली झाल्यावर रिकामं. पावती दाखवणारा त्यातली सोयीची वेळ दाखवतो. पावतीचा फोटो घेऊन समाधान मानायचं नाही, काट्याच्या संगणकातली मूळ नोंद मागायची. समज, रिकाम्या वजनाची वेळ निघाली ६:५५. अपघाताची जागा तिथून सात किलोमीटर. रिकामी ट्रॉली ताशी अठरा किलोमीटरने गेली तरी तेवीस-चोवीस मिनिटांत, म्हणजे ७:१८-१९ ला, तिथे पोचते. यार्डात थांबल्याचं त्याचं म्हणणं आता एकट्या त्याच्या शब्दावर उरलं.

वाटेत सहाव्या किलोमीटरला पेट्रोल पंप आहे. तिथल्या सीसीटीव्हीत तोच ट्रॅक्टर दिसतो, पण पडद्यावर वेळ आहे ७:२९. नवखा इथे फसतो. कॅमेऱ्याचं घड्याळ बहुतेकदा कुणी लावलेलंच नसतं. त्याच संध्याकाळी पंपावर कुणी यूपीआयने पैसे दिले असतील, तर बँकेच्या नोंदीतली वेळ आणि तोच ग्राहक चित्रणात दिसतो ती वेळ शेजारी ठेवायची. फरक चौदा मिनिटांचा निघाला, म्हणजे ट्रॅक्टर पंपासमोरून खरा गेला ७:१५ ला. हे चित्रण कोर्टात टिकायला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. चित्रण वेळेत ताब्यात घ्यायचं, कारण जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं.

१०८ ला पहिला फोन ७:२२ चा. म्हणजे अपघात ७:१५ ते ७:२२ मध्ये झाला. भावाची साडेसातची वेळ चुकली, पण तो खोटं बोलला नाही. ट्रॅक्टरवाल्याच्या बचावाचा पाया मात्र सरकला, कारण तो ज्या वेळेचा हिशेब देत होता ती अपघाताची वेळच नव्हती.

इथे थांबायचं. या तक्त्याने ट्रॅक्टर त्या वेळी त्या रस्त्यावर होता एवढंच सिद्ध झालं. धडक त्याचीच, हे पंचनाम्यातले काचेचे तुकडे, रंगाचे ओरखडे आणि वाहनाची तपासणी सांगणार. काट्याच्या नोंदीत वाहनाचा नंबर असतो, पण त्या फेरीला स्टिअरिंगवर मालक होता की त्याचा पुतण्या, हे तिच्यावरून कळत नाही. जुळणाऱ्या वेळांच्या भरात या फटी बुजवून टाकणारे अधिकारी उलटतपासणीत उघडे पडतात आणि जखमीचं घर वाऱ्यावर पडतं. फिर्यादीतल्या वेळेशी जुळावं म्हणून नंतरच्या जबाबांत साडेसात लिहून घेणं तर त्याहून वाईट. जो माणूस जे बोलला तेच जबाबात आलं पाहिजे, विसंगतीसकट.

पीएसआयसाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते, तेव्हा बी.ए. सोडू नकोस. मैदानी चाचणीची तयारी आत्तापासून धर. हेच काम विमा कंपन्यांच्या दावा-तपासातही असतं, तो रस्ताही डोळ्यासमोर ठेव.

आणि सराव म्हणून ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावरून बीड जिल्ह्यातल्या मोटार अपघात दाव्याचा एक निकाल काढ. दोन्ही बाजूंचं म्हणणं वाच, न्यायाधीशांचा निष्कर्ष येण्याआधी थांब, आणि चार रकान्यांचा तक्ता स्वतः भर. मग पुढे वाच. कोणती नोंद तू पाहिलीच नव्हतीस ते तिथे कळेल. असे पाच-सहा तक्ते झाले की मला पाठव, चौथा रकाना आपण एकत्र तपासू.