नोकरी गेल्याचे जाहीर करताना मजकुरातील कडवटपणा कसा काढावा?

प्रश्न: चाकणच्या एका वाहनभाग कंपनीत मी ९ वर्षे सप्लायर क्वालिटीत होतो. ॲल्युमिनियम कास्टिंगचे पुरवठादार माझ्याकडे होते. सच्छिद्रतेमुळे होणारे रिजेक्शन आम्ही दोन वर्षांत निम्म्याच्या खाली आणले होते. या महिन्यात कंपनीने फेररचना केली आणि माझ्यासह १४ जणांना कमी केले. लिंक्डइनवर टाकायला पुढचा मजकूर लिहिला आहे, पण बायको म्हणते यातून राग दिसतो. सन्मान राखून, पुढचे बोलणारा मजकूर कसा लिहू?

«नऊ वर्षे रक्त आटवून काम करूनही अवघ्या दहा मिनिटांच्या मीटिंगमध्ये मला घरचा रस्ता दाखवण्यात आला. कंपनीने खर्चकपातीचे कारण दिले. त्यांना माणसांची किंमत कळली नाही याचे वाईट वाटते. असो. जे झाले ते चांगल्यासाठीच झाले असेल. कुणाकडे काही काम असल्यास कृपया कळवा.»

उत्तर:

मी पुण्यातील एका अभियांत्रिकी कंपनीत बारा वर्षे नोकरभरतीचे काम केले आणि २०२० मध्ये माझेही पद गेले, त्यामुळे असा मजकूर मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी वाचला आहे. तुमच्या पत्नींचे निरीक्षण बरोबर आहे. मात्र त्यांना जो राग दिसला, तो बहुधा तुम्ही खोडायला निघालेल्या वाक्यात नाही. «माणसांची किंमत कळली नाही» हे वाक्य काढायचे हे तुम्हालाही कळत असणार. ते काढल्यावरही मजकूर कडवटच राहतो, कारण मराठीत कडवटपणा मोठ्या शब्दांपेक्षा छोट्या शब्दांत अधिक राहतो.

«काम करूनही» यातील «ही» पाहा. त्या एका अक्षरात संपूर्ण तक्रार आहे: मी दिले, आणि मला मिळाले नाही. «नऊ वर्षे काम केले» एवढेच लिहिले की तीच नऊ वर्षे तक्रारीऐवजी अनुभव म्हणून वाचली जातात. «अवघ्या» हा शब्द घड्याळाकडे बोट दाखवतो. «कारण दिले» हे वरवर निरुपद्रवी वाटते, पण «कारण होते» आणि «कारण दिले» यांत वाचणाऱ्याला लगेच फरक कळतो. दुसऱ्या प्रयोगात ते कारण खोटे होते अशी सूचना असते. «घरचा रस्ता दाखवण्यात आला» यात तर तुम्ही कंपनीपेक्षा स्वतःलाच अधिक कमीपणा आणला आहे, कारण घरचा रस्ता चूक करणाऱ्याला दाखवतात.

आणि «असो». मराठीत याच्याइतका राग साठवणारा दुसरा शब्द मला माहीत नाही. जे बोलायचे होते ते बोललो नाही, एवढे मात्र तो ठणकावून सांगतो. माझ्या स्वतःच्या पहिल्या मसुद्यात तो दोनदा होता आणि मला वाटत होते की मी फार संयम पाळला आहे. त्याच्या पाठोपाठ येणारे «चांगल्यासाठीच झाले असेल» हेही काढा. ते खरे वाटत नाही, तुम्हालाही वाटत नसावे, म्हणूनच वाक्याच्या शेवटी «असेल» आले आहे. शिवाय तुमच्याबरोबर गेलेले तेरा जणही हा मजकूर वाचणार आहेत, आणि त्यांतील एखाद्याच्या डोक्यावर घराचा हप्ता असेल.

यानंतर प्रत्येक वाक्याचा कर्ता कोण आहे ते तपासा. तुमच्या मसुद्यात कर्ता आहे कंपनी, त्यानंतर «ते», त्यानंतर नियती. «मला» एकदा आले आहे, «मी» एकदाही नाही. पुनर्लेखनाचे खरे काम हेच आहे: कंपनी एका वाक्यापुरती कर्ता राहावी आणि उरलेल्या वाक्यांत तुम्ही, किंवा तुमचे काम, कर्ता असावे. तुमच्याजवळची सर्वांत मोलाची गोष्ट तुम्ही मसुद्यात न लिहिता मला विचारलेल्या प्रश्नात लिहिली आहे, हेही लक्षात घ्या. रिजेक्शन निम्म्याच्या खाली आले, हे वाक्य मसुद्यात कुठेच नाही. राग आला की माणूस आपल्या कामाविषयी लिहायचे विसरतो, याची इतकी उदाहरणे मी पाहिली आहेत की मला त्याचे आता नवल वाटत नाही.

घटना कोणत्या शब्दांत सांगावी, हे ठरवण्यापूर्वी हातातील कागद वाचा. आपल्याकडे सर्रास «टाळेबंदी» किंवा «ले-ऑफ» लिहितात. टाळेबंदी म्हणजे मालकाने वादाच्या काळात कारखाना बंद ठेवणे, आणि १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफचा अर्थ कच्चा माल, वीज इत्यादींच्या अभावी तात्पुरते काम न देणे असा होता. बोलीत हे शब्द चालतात, पण जाहीर मजकुरात «पद रद्द झाले» हे अधिक नेमके आहे. या रचनेचा आणखी एक फायदा असा की «रद्द करण्यात आले» मध्ये कुणीतरी अदृश्य दोषी उभा राहतो, «रद्द झाले» मध्ये राहत नाही, आणि तरीही काहीही खोटे सांगितले जात नाही.

मात्र एक अडचण अनेकांना येते. बऱ्याच कंपन्या कपात करतानाही कर्मचाऱ्याकडून राजीनामा लिहून घेतात, आणि मग रिलीव्हिंग लेटरवर राजीनामा स्वीकारल्याचे लिहिलेले असते. पुढच्या नोकरीच्या वेळी पार्श्वभूमी तपासणारा माणूस ते पत्र आणि तुमचा जाहीर मजकूर शेजारी ठेवतो, आणि दोन्हींत मेळ नसेल तर प्रश्न विचारतो. तुमचे तसे झाले असेल, तर «या महिन्यात कंपनीतील माझा कार्यकाळ संपला» एवढेच लिहा. ते दोन्ही बाजूंनी खरे आहे. परंतु «स्वेच्छेने बाहेर पडलो» असे सौजन्यापोटीही लिहू नका. राजीनामा दबावाखाली घेतला असे तुमचे म्हणणे असेल, तर ते वकिलाकडे किंवा कामगार आयुक्तांच्या कार्यालयात मांडायचे आहे आणि तेथे तुमचे हेच वाक्य तुमच्याविरुद्ध वापरले जाऊ शकते. तसेच हिशेबाच्या कागदांत कंपनीविषयी प्रतिकूल न बोलण्याचे कलम आहे का, हे मजकूर टाकण्यापूर्वी पाहा. असे कलम असेल आणि देय रक्कम अजून यायची असेल, तर मूळ मसुद्यातील तिसरे वाक्य महागात पडू शकले असते.

कामाविषयी लिहिताना आकडे द्यावेत, पण मोजून. «निम्म्याच्या खाली» हे प्रमाण सांगणे सहसा चालते. मूळ आणि नंतरचे प्रत्यक्ष आकडे, ग्राहक कंपनीचे नाव, भागाचे नाव किंवा पुरवठादारांची नावे लिहू नयेत, कारण ती माहिती तुमची नाही. त्याऐवजी तुम्ही काय केले ते लिहा. कास्टिंगचे काम जाणणारा माणूस टक्केवारीपेक्षा तुम्ही सच्छिद्रतेचा उगम कुठे शोधला हे आधी वाचेल: साच्याच्या हवा निघण्याच्या वाटांत, धातूच्या तापमानात, की इंजेक्शनच्या वेगात. मी पुढे एक शक्यता गृहीत धरून लिहिले आहे, तेथे तुमची खरी हकिकत घाला.

शेवटची विनंती हा तुमच्या मसुद्याचा सर्वांत कच्चा भाग आहे. «कुणाकडे काही काम असल्यास» वाचून ज्याला मदत करायची आहे त्यालाही काय करावे ते कळत नाही. कोणते पद, कोणता भाग, केव्हापासून, एवढे सांगितले की वाचणाऱ्याच्या डोक्यात एखादे नाव येते.

सुधारलेला मजकूर मी असा लिहीन:

«गेली नऊ वर्षे मी चाकण येथे सप्लायर क्वालिटीचे काम केले. कंपनीच्या फेररचनेत या महिन्यात काही पदे रद्द झाली, त्यांत माझेही पद होते.

ॲल्युमिनियम कास्टिंग पुरवठादारांची जबाबदारी माझ्याकडे होती. त्यांच्या शॉप फ्लोअरवर उभे राहून साच्यांतील हवेच्या वाटा आणि इंजेक्शनचा वेग यांवर आम्ही काम केले, आणि सच्छिद्रतेमुळे होणारे रिजेक्शन दोन वर्षांत निम्म्याच्या खाली आले. हे श्रेय एकट्याचे नाही. रात्रपाळीत फोन उचलणाऱ्या पुरवठादारांचे आणि माझ्या सहकाऱ्यांचे मी मनापासून आभार मानतो. ही माणसे रोज भेटणार नाहीत, याची रुखरुख आहे.

पुढील कामासाठी मी पुणे, चाकण आणि तळेगाव परिसरात सप्लायर क्वालिटी किंवा कास्टिंग प्रक्रिया सुधारणेतील पद शोधत आहे आणि लगेच रुजू होऊ शकतो. आपल्या ओळखीत अशी गरज असल्यास मला संदेश पाठवावा. माझ्याबरोबर बाहेर पडलेल्यांत क्वालिटी आणि खरेदी विभागातील अनुभवी सहकारीही आहेत. विचारणा झाल्यास त्यांच्या संमतीने संपर्क जोडून देईन.»

यातील दोन निवडींविषयी सांगतो. रुखरुखीचे वाक्य मी मुद्दाम ठेवले आहे. भावना पूर्ण पुसल्या की मजकूर कार्यालयीन परिपत्रकासारखा होतो आणि वाचणाऱ्याला वाटते की खाली काहीतरी दाबले आहे. दुःख माणसांविषयी असेल तर ते कडवट होत नाही. दुसरे असे की पहिल्या परिच्छेदात काम आणि घटना दोन्ही आणल्या आहेत, कारण लिंक्डइनवर सुरुवातीच्या काही ओळीच उघड दिसतात आणि उरलेला मजकूर दाबून उघडावा लागतो. केवळ «जड अंतःकरणाने कळवतो की» दिसले, तर पुष्कळजण सहानुभूतीचे चिन्ह दाबून पुढे जातात आणि तुमचे काम काय होते हे त्यांना कळतच नाही. सहकाऱ्यांची नावे मात्र टॅग करू नका. जे गेले त्यांनी घरी सांगितले असेलच असे नाही, आणि जे राहिले आहेत त्यांना तुमच्या मजकुराखाली दिसणे अवघड वाटू शकते.

मजकूर एक रात्र तसाच ठेवा आणि सकाळी पत्नींना मोठ्याने वाचून दाखवा. डोळ्यांनी वाचताना निसटलेला «च» किंवा «तर» कानाला लगेच टोचतो.

मजकूर टाकल्यानंतरची पहिली संध्याकाळ सांभाळावी लागते, कारण खरी परीक्षा खालच्या प्रतिक्रियांत असते. कुणी जुना सहकारी लिहील, «नऊ वर्षांनंतर असे वागवतात? लाज वाटली पाहिजे.» तो तुमच्या बाजूने बोलत असतो, म्हणून त्याला «अगदी खरे» म्हणण्याचा मोह होतो, आणि आपण मसुद्यातून काढलेली सगळी वाक्ये तेथे परत येतात. माझ्या वेळी मी अशा एका प्रतिक्रियेला फक्त एक हसरा चेहरा दिला होता. महिनाभराने मुलाखतीत समोरच्या गृहस्थांनी मला नेमके त्याविषयी विचारले. अशा प्रतिक्रियेखाली «आपुलकीबद्दल आभारी आहे, सवडीने फोन करतो» एवढे लिहावे, आणि खरोखर फोन करावा. जे बोलायचे आहे ते फोनवर पोटभर बोलता येते.