रात्री दोनचं विमान

चि. लेकी,

अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की, परवाच्या तुझ्या मेसेजने मी दचकले. ‘मॅडम, एक्झिट रोची सीट घेतेय, पाय पसरता येतील. आणि झोप यावी म्हणून आजोबांची अर्धी गोळी बरोबर ठेवतेय.’ सीट अजून बदलता येईल. गोळी मात्र आजोबांकडेच राहू दे. असं का म्हणते ते सविस्तर लिहिते, कारण मुंबई ते फ्रँकफर्ट हा रात्रीचा प्रवास मी कंपनीच्या कामासाठी वीसेक वेळा तरी केला असेल आणि त्यातले पहिले पाच-सहा अक्षरशः वाया घालवले.

आधी घड्याळ बघू. तुझं विमान रात्री २ ला सुटतं आणि साधारण नऊ तासांनी, म्हणजे आपल्या ११ वाजता उतरतं. सप्टेंबरअखेर जर्मनी आपल्यामागे साडेतीन तास असतो, त्यामुळे तिथे तेव्हा सकाळचे ७.३० वाजलेले असतील. ‘तिथल्या वेळेनुसार झोप’ असा सल्ला तुला कुणीतरी देईलच. या विमानात तो ऐकू नकोस. तुझं शरीर पुण्याच्या वेळेवर चाललेलं असतं आणि त्याला झोपेची सगळ्यात जास्त ओढ असते ती पहाटे तीन ते सहाच्या सुमारास. नेमकी त्याच वेळी विमानात जेवणाची गाडी फिरत असते. विमान सुटल्यावर तासाभरात दिवे लागतात, ट्रे येतो, मग चहा, मग ट्रे उचलायची वाट बघायची. तोवर पावणेपाच होतात. एखादा सिनेमा लावलास तर संपलंच. सकाळी नऊच्या आसपास नाश्त्यासाठी पुन्हा दिवे लागणार. म्हणजे जेवण टाळलंस तर हातात सहा तास, नाहीतर जेमतेम चार.

आता सीट. एक्झिट रोला, म्हणजे संकटकाळी उघडायच्या दाराजवळच्या रांगेला, पाय पसरता येतात हे खरं, पण बाकीचं कुणी सांगत नाही. तिथल्या सीटचे हात बहुतेक विमानांत पक्के असतात, कारण ट्रे आणि स्क्रीन त्यातच बसवलेले असतात. त्यामुळे शेजारची सीट रिकामी मिळाली तरी आडवं होता येत नाही. दाराजवळ गारठा असतो. उड्डाण आणि उतरताना बॅग पायाशी ठेवू देत नाहीत. आणि मोठ्या विमानांत ही रांग बहुधा टॉयलेटच्या तोंडाशी येते, मग रात्रभर माणसं तुझ्या गुडघ्यांपाशी उभी राहून गप्पा मारतात. केबिनच्या सगळ्यात पुढच्या रांगेचंही तेच. तिथल्या भिंतीवर बाळांचे पाळणे अडकवतात. बाळांवर माझा राग नाही, पण शेजारी बसून झोपायची हौसही नाही.

तुला हवी ती खिडकीची सीट. झोपेत मान कुठेतरी टेकावी लागते आणि इकॉनॉमीत टेकायला एवढी एकच भिंत असते. शिवाय कुणी तुला ओलांडून जात नाही. पंखांच्या थोडं पुढची रांग बघ. इंजिनं मागे राहतात म्हणून आवाज कमी येतो, आणि पंखांच्या आसपास विमान हलतंही कमी. अगदी शेवटच्या रांगा सगळ्यात जास्त हलतात आणि त्यांची पाठ पुरेशी मागे जात नाही. सीटच्या नकाशावर टॉयलेट आणि पॅन्ट्री कुठे आहेत ते पाहून चार-पाच रांगा तरी लांब राहा. एक्झिट रोच्या लगेच पुढची रांगही नको, कारण तिची पाठ पुष्कळदा अडवलेली असते.

डावी की उजवी? विमान वायव्येला जातं, त्यामुळे उजव्या खिडक्या ईशान्येकडे बघतात. तुझ्या प्रवासात उजाडेल ते शेवटच्या तास-दीड तासात, आणि उजेड आधी उजवीकडून येईल. म्हणून डावी खिडकी, ए अक्षराची. एक अडचण आहे. काही नव्या विमानांत खिडकीला ओढायची झडप नसते, काच बटणाने गडद होते आणि तरीही थोडा उजेड येतोच. म्हणून मास्क.

मास्कवर मी जरा जास्तच बोलते असं माझी भाची म्हणते. विमानात मिळणारा पातळ कापडी मास्क पापण्यांवर दाबून बसतो आणि नाकाच्या दोन्ही बाजूंनी उजेड आत सोडतो. तू डोळ्यांपाशी वाटीसारखा खोलगट असलेला घे. त्यात आत डोळे उघडता येतात, पापण्या घासत नाहीत. मागचा पट्टा वेलक्रोचा नको, केस अडकतात, आणि मागे जाड बक्कल असेल तर सीटला टेकल्यावर टोचतं. विकत घेतल्यावर घरी बाथरूमच्या ट्यूबखाली उभी राहा, मास्क लाव आणि नजर खाली वळव. स्वतःची पावलं दिसली तर तो मास्क तुझ्या नाकाचा नाही, दुसरा आण. हे उगाच नाही. डोळ्यांवर उजेड पडला की झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन मेंदू कमी सोडतो, आणि शेजाऱ्याचा स्क्रीन तुझ्यापासून दीड-दोन फुटांवर असतो.

कानांसाठी फोमचे बोळे पुरतात. बोटांत वळून बारीक कर, दुसऱ्या हाताने कान वर ओढ, आत सरकव आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेव. बहुतेक जण नुसते कानाच्या तोंडाशी अडकवतात आणि मग काही उपयोग नाही म्हणतात. विमान खाली उतरायला लागलं की मात्र ते काढ आणि जागी राहा. झोपेत आपण कमी गिळतो, कानातला दाब मोकळा होत नाही, आणि मग दिवसभर कानांना दडे बसलेले राहतात.

आता गोळी. २००९ मध्ये मला एका सहकाऱ्याने झोल्पिडेम ही झोपेची गोळी दिली होती. मी ती जेवणाबरोबर घेतली, वर एक ग्लास वाईन. फ्रँकफर्टला उतरले आणि पासपोर्टच्या रांगेत पर्समध्ये हात घातला तर पाऊच नाही. ते सीटच्या खिशात राहिलं होतं. मिळायला दोन तास लागले आणि पुढचं विमान गेलं. यापेक्षा भीती वाटली ती दुसऱ्या गोष्टीची. शेजारच्या बाई तिथेच भेटल्या आणि म्हणाल्या, ‘तुम्ही सांगत होतात ना भाचीच्या लग्नाचं!’ मी म्हणे नाश्ता केला होता आणि वीस मिनिटं गप्पा मारल्या होत्या. त्यातलं मला आजतागायत काहीही आठवत नाही.

हा या गोळीचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. माणूस चालतो, बोलतो, पण मेंदू त्याची नोंद ठेवत नाही. ती घेताना पुढे सात-आठ तास निवांत झोपायला हवेत; तुझ्याकडे फार तर सहा आहेत. शिवाय बायकांच्या शरीरातून ती सावकाश उतरते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये बायकांसाठीचा सुरुवातीचा डोस १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणला. आजोबांची गोळी अल्प्राझोलामची, म्हणजे चिंता कमी करणाऱ्या औषधाची, असेल तर तिचीही गुंगी सकाळपर्यंत टिकते. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी, तीही आयुष्यात पहिल्यांदा, तीस-पस्तीस हजार फुटांवर आजमावू नये. ॲलर्जीची गोळी खाऊन झोपणारेही मी पाहिलेत. ते दुपारपर्यंत पेंगत असतात.

आणि पाय. साधी झोप असेल तर अवघडल्यावर आपण कूस बदलतो, पाय हलवतो. गोळीने बधिर झालेला माणूस चार-पाच तास एकाच मुद्रेत पडून राहतो. पोटऱ्यांचे स्नायू हलले नाहीत की शिरांतलं रक्त साचतं आणि गुठळी होऊ शकते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून लांबच्या प्रवासाने हा धोका साधारण दुप्पट होतो. दुप्पट झाला तरी तो लहानच आहे, सहा हजारांत एक एवढा, म्हणून घाबरू नकोस. पण गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील किंवा घरात कुणाला गुठळीचा त्रास झाला असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोल. उतरल्यावर पुढच्या काही आठवड्यांत एकच पोटरी सुजली, दुखायला लागली किंवा दम लागला तर प्रवासाचा थकवा समजून बसू नकोस, लगेच दाखव.

दारूचं तू विचारलं नाहीस, पण ट्रॉलीवर ती फुकट मिळते आणि ‘एक ग्लास घे, झोप लागेल’ असं म्हणणारं कुणीतरी शेजारी भेटतंच. झोप लागते, लवकर लागते. पण केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावी तशी विरळ असते. कोलोनच्या जर्मन अंतराळ केंद्राने तरुण, धडधाकट लोकांना दारू देऊन विमानाइतक्या कमी दाबाच्या खोलीत झोपवून पाहिलं. निष्कर्ष २०२४ मध्ये आले. नुसत्या कमी दाबात झोपणाऱ्यांच्या रक्तातला ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या आसपास होता, दारू घेतलेल्यांचा ८५ पर्यंत उतरला. हृदयाचे ठोके ७३ वरून ८८ वर गेले. म्हणजे डोळे मिटलेले आणि हृदय जिना चढतंय. उत्तररात्री झोप मोडते ती वेगळीच, आणि खिडकीतून उठून टॉयलेटला जायचं म्हणजे दोघांना उठवायचं. गोळी आणि दारू एकत्र तर कधीच नाही. दोन्ही श्वास मंदावतात.

मग करायचं काय? निघायच्या दिवशी दुपारी चारनंतर चहा-कॉफी बंद. तू ११ ला विमानतळावर पोचशील. सिक्युरिटी झाली की साडेबारापर्यंत आईने दिलेल्या दशम्या तिथेच बसून खा. पोट भरलेलं असलं की तीन वाजताच्या ट्रेचा मोह होत नाही. विमानात चढताच एअर होस्टेसला सांग, मला जेवायला उठवू नका. जेवायचंच असेल तर शाकाहारी जेवण आधी नोंदवून ठेव. नोंदवलेले ट्रे बहुधा सगळ्यांच्या आधी येतात, अर्धा तास वाचतो. बूट सैल कर, लोकरी मोजे घाल. पाय गार असले की झोप लागत नाही. विमानातली छोटी उशी कमरेमागे, आणि यू आकाराची उशी उलटी, तिचा भरीव भाग हनुवटीखाली, म्हणजे मान पुढे कोसळत नाही. पांघरूण आधी आणि पट्टा त्याच्यावरून बांध. विमान हलायला लागलं की पट्टा बघायला येतात. तो दिसला नाही तर उठवतात.

पट्ट्याचा दिवा विझायच्या आत मास्क आणि बोळे लावून तयार राहा. सलग झोप लागेल अशी आशा धरू नकोस, बसल्या बसल्या ती तुटकच असते. दीड तास, मग जाग, मग पुन्हा तास. जाग आली की घड्याळ बघू नकोस, पंजे वीस-पंचवीस वेळा वर-खाली कर, दोन घोट पाणी पी आणि पुन्हा डोळे मीट. मधे एकदा शेजारचे उठले की तूही उठ आणि पॅसेजमधून एक फेरी मारून ये. एवढ्यात चार-साडेचार तास होतात. माझा सगळ्यात चांगला आकडा पाच आहे.

एक्झिट रोचे पैसे भरून झाले नसतील तर आजच नकाशा उघड. पंखांच्या पुढच्या, डावीकडच्या कुठल्या खिडक्या रिकाम्या आहेत ते मला पाठव. उद्या संध्याकाळी फोनवर बसून ठरवू.

तुझी,
मॅडम (आता तरी ताई म्हण)