वर्गण्या, रिचार्ज आणि खात्यातून आपोआप होणाऱ्या कपाती : वर्षाचा हिशेब

प्रश्न : खात्यातून दर महिन्याला शंभर-दोनशे रुपये कशाकशाचे कापले जातात. वर्षाला एकूण किती जातात ते कसे काढावे आणि त्यातले काय बंद करावे?

उत्तर :

हा हिशेब आठवणीतून करू नये, आणि एका महिन्याच्या उताऱ्यावरूनही करू नये. सलग बारा महिन्यांचा खातेउतारा समोर असल्याशिवाय वर्षातून एकदाच कापल्या जाणाऱ्या रकमा दिसत नाहीत आणि नेमक्या त्याच विसरल्या जातात. अमळनेरला माझ्या बहिणीच्या घरी गेल्या दिवाळीत आम्ही हे काम केले. तेच उदाहरण सांगतो.

दाजींचा अंदाज पंधराएक हजारांचा होता. त्यांची दोन बँकांत खाती आहेत. दोन्हींचे वर्षभराचे उतारे नेट बँकिंगमधून उतरवून घेतले. ज्यांच्याकडे ती सोय नाही त्यांनी शाखेत जाऊन पासबुक छापून घेतले तरी चालते. उताऱ्यात आपोआप झालेल्या कपातीच्या ओळीत बहुधा ACH, NACH, SI, MANDATE किंवा AUTOPAY यांपैकी काहीतरी लिहिलेले असते, त्यामुळे आधी त्या ओळी शोधाव्यात. अडचण अशी की पुष्कळदा तिथे सेवेचे नाव नसते, मधल्या पैसे वसूल करणाऱ्या कंपनीचे असते. अशा वेळी रक्कम आणि तारीख घेऊन ईमेलमध्ये शोध घेतला, तर पावती सापडते. जे वर्तमानपत्रवाल्याला आणि केबलवाल्याला रोख दिले जाते ते उताऱ्यात येतच नाही. ते वहीत वेगळे लिहावे लागते.

यानंतर प्रत्येक रकमेला वर्षातल्या वेळांनी गुणायचे, आणि इथेच अनेकांचा हिशेब चुकतो. मोबाइलचा २८ दिवसांचा रिचार्ज आपण ‘महिन्याचा’ म्हणतो आणि बाराने गुणतो, पण ३६५ दिवसांत तो तेरा वेळा करावा लागतो. बहिणीच्या घरी २९९ रुपयांचे दोन रिचार्ज होते. बाराने गुणले असते तर ७,१७६ आले असते, प्रत्यक्षात ७,७७४ जातात. मोबाइलचा रिचार्ज ही काही वर्गणी नव्हे असे दाजींचे म्हणणे होते, पण जी रक्कम ठरावीक दिवसांनी न चुकता द्यावी लागते ती या यादीत असलीच पाहिजे, असे माझे मत आहे.

बाकीची यादी अशी निघाली : केबल ४,२००, दोन वर्तमानपत्रे ३,७२०, मालिका-सिनेमे आणि क्रिकेट पाहण्याच्या एका ॲपचे महिना १४९ प्रमाणे १,७८८, दुसऱ्या ॲपचे वर्षाचे १,४९९, फोटो साठवण्याच्या जागेचे महिना १३० प्रमाणे १,५६०, भाचीच्या अभ्यासाच्या ॲपचे तिमाही १,१९९ प्रमाणे ४,७९६, दोन डेबिट कार्डांचे जीएसटीसह ४७२, आणि दोन सरकारी विमा योजनांचे मिळून ९१२. बेरीज २६,७२१. बहीण कपाळाला हात लावून म्हणाली, ‘‘इतला पैसा कथा गया?’’

या यादीतली शेवटची नोंद जरा थांबून पाहण्यासारखी आहे. प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा वार्षिक हप्ता ४३६ रुपये आणि सुरक्षा विम्याचा २० रुपये; दोन्ही साधारण मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून आपोआप कापले जातात. दाजींनी दोन्ही बँकांत खाते उघडताना दिलेल्या कागदांवर सह्या केल्या होत्या, म्हणून दोन्हीकडून हप्ते जात होते. पण या योजनांत एका व्यक्तीला एकाच खात्यातून सहभागी होता येते. जीवन ज्योतीत दोनदा हप्ता भरला म्हणून दोन लाखांचे चार लाख होत नाहीत, उलट दुबार भरलेला हप्ता जप्त होऊ शकतो. एका बँकेच्या शाखेत लेखी अर्ज देऊन तिथली कपात थांबवायची आणि दुसरीकडची चालू ठेवायची. विमा मात्र बंद करायचा नाही, दुबारपणा तेवढा काढायचा. हा अर्ज मे उजाडण्याआधी दिलेला बरा.

काय बंद करावे हे ठरवताना मी एकच विचारतो : गेल्या तीन महिन्यांत हे घरात कोणी, किती वेळा वापरले? अभ्यासाचे ॲप भाचीची परीक्षा झाल्यापासून कोणी उघडलेच नव्हते, तरी पैसे जात होते; ते बंद केले. पहिले ॲप भाचा फक्त क्रिकेटच्या हंगामात पाहतो, म्हणून ते तीनच महिने घ्यायचे ठरले, त्यात १,३४१ वाचले. फोटोंची जागा लागणारच होती, पण तीच वर्षाची एकदम घेतली तर १,३०० पडते, म्हणजे २६० कमी. वापरात नसलेल्या खात्याचे कार्ड परत केले, २३६ वाचले. वर्तमानपत्रांना मी हात लावू दिला नाही. दोन्ही रोज वाचली जातात आणि रद्दीचे पैसेही येतात. विम्याच्या दुबार हप्त्यांचे ४५६ धरून एकूण ७,०८९ रुपये कमी होऊन वर्षाचा आकडा १९,६३२ वर आला.

आता बंद करण्याची रीत. फोनमधून ॲप काढून टाकले म्हणजे वर्गणी थांबली, हा समज सर्वत्र आहे आणि तो चूक आहे. ॲप गेले तरी पैसे कापण्याची तुम्ही दिलेली परवानगी बँकेकडे कायम असते. म्हणून आधी त्या सेवेतच जाऊन वर्गणी रद्द करावी. प्ले स्टोअरमधून घेतली असेल तर तिथल्या Payments & subscriptions या भागात ती दिसते. रद्द झाल्याचा ईमेल जपून ठेवावा आणि मग यूपीआय ॲपमध्ये Autopay किंवा Mandates या नावाच्या भागात जाऊन ती परवानगीही रद्द करावी. घरात दोन-तीन यूपीआय ॲप असतील तर प्रत्येकात डोकवावे. एक किंवा दोन रुपयांत ‘मोफत चाचणी’ घेताना दिलेल्या परवानग्या तिथेच पडून असतात. तिथे ‘५,००० पर्यंत’ असा आकडा दिसला तर घाबरू नये. ती कमाल मर्यादा असते, प्रत्यक्षात वर्गणीएवढेच कापले जाते.

हा क्रम उलटा करू नये. नुसती परवानगी काढली आणि वर्गणी चालू राहिली, तर ती सेवा थकबाकी मागू शकते. तसेच NACH लिहिलेली प्रत्येक ओळ वर्गणीची नसते. कर्जाचा हप्ता किंवा एसआयपीही त्याच मार्गाने जाते. कर्जाचा हप्ता चुकून अडवला तर दंड बसतो आणि पत खराब होते ती वेगळीच. ओळ कशाची आहे याची खात्री होईपर्यंत तिला हात लावू नका.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्ड किंवा यूपीआयवरून होणाऱ्या अशा कपातीची सूचना किमान २४ तास आधी येते आणि त्या वेळात ती थांबवता येते. हा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून पूर्णपणे लागू झाला. मात्र त्या सूचना जाहिरातींच्या संदेशांच्या गर्दीत हरवतात. म्हणून वर्षाला एकदाच कापल्या जाणाऱ्या प्रत्येक रकमेची तारीख आम्ही बहिणीच्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर एक आठवडा आधीच्या चौकोनात लिहून ठेवली. त्या यादीतील १,४९९ च्या ॲपचे नूतनीकरण मार्चमध्ये आहे आणि ते ठेवायचे की नाही हे घरच्यांनी अजून ठरवलेले नाही.