नाइन स्टार की: मुलीचा नंबर वेगळा काढायचा का?

प्रश्न: माझा जन्म २० जानेवारी १९९२ चा, जिच्याशी लग्नाचं चाललंय त्या मुलीचा १४ ऑक्टोबर १९९३ चा. एका साइटवर नाइन स्टार की मस्त जुळतंय, दुसरीवर अजिबात नाही. खरं काय धरायचं?

उत्तर:

आधी तुझाच नंबर बघ, कारण अर्धा घोळ तिथेच असणार. जन्मवर्षावरून नंबर, म्हणजे तारा, काढायच्या ह्या ज्योतिषाला जपानमध्ये क्युसेई किगाकु म्हणतात आणि त्यांचं वर्ष १ जानेवारीला बदलत नाही, रिश्शुनला बदलतं, म्हणजे साधारण ४ फेब्रुवारी. तू २० जानेवारीचा, म्हणजे ह्या हिशोबाने तू १९९१ चा. आपल्याकडे कसं गुढीपाडव्यापर्यंत जुनंच शक चालू असतं, तसंच. (३ ते ५ फेब्रुवारीच्या मधे जन्म असेल तर त्या वर्षीचा रिश्शुन नक्की कधी होता ते बघावंच लागतं, तुम्हा दोघांना तो प्रश्न नाही.)

आता गणित. वर्षाचे आकडे मिळवत जायचे, एकच आकडा उरेपर्यंत, आणि तो ११ मधून वजा करायचा. १९९१ म्हणजे १+९+९+१ = २०, मग २+० = २, आणि ११-२ = ९. तू ९, तत्त्व अग्नी. तिचं १९९३, बेरीज २२, मग ४, ११-४ = ७. ती ७, तत्त्व धातू. उत्तर १० आलं तर परत १+० करून १ धरायचा. काही साइट्स वर्षाचे शेवटचे दोनच आकडे घेऊन १० मधून वजा करतात, ते १९०० च्या शतकाला चालतं पण २००० नंतरच्यांना एक नंबर जास्त देतं, त्यापेक्षा पूर्ण वर्षाची बेरीज बरी.

जुळणी होते ती नंबरांची नाही, त्यांच्या तत्त्वांची. १ पाणी, ३ आणि ४ लाकूड, ९ अग्नी, २, ५, ८ माती, ६ आणि ७ धातू. पाणी झाडाला वाढवतं, लाकडाने आग पेटते, आगीची राख होऊन माती होते, मातीतून धातू निघतो, धातूवर पाणी जमतं. ह्या साखळीत शेजारी शेजारी असाल तर चांगलं, एक सोडून पुढचा असेल तर तो दबतो. अग्नीच्या पुढे माती आणि त्याच्या पुढे धातू, म्हणजे आग धातूला वितळवते. तर जपानी पद्धतीने तुमचं वर्षावरून जुळत नाही, आणि त्यातही दबाव तुझ्याकडून तिच्यावर.

मग पहिली साइट 'मस्त' का म्हणाली? दोन शक्यता दिसतात. एक, तिने तुला सरळ १९९२ चा धरला, म्हणजे ८ माती, आणि माती-धातू छान जुळतं. ही सरळ चूक आहे. दुसरी, तिने मुलीसाठी वेगळा फॉर्म्युला लावला: बेरजेत ४ मिळवायचे, म्हणजे ४+४ = ८, ती माती झाली, तुझ्या अग्नीतून माती, परत छान. हा फॉर्म्युला साइटने मनाने बनवलेला नाही, चिनी फेंगशुईत घराची दिशा बघायला बायका-पुरुषांचे आकडे असे वेगळे काढतात, आणि पाश्चात्य नाइन स्टारवाल्यांपैकी काहींनी तो इकडे घेतला. पण जपानमध्ये वर्षाचा नंबर स्त्री-पुरुष दोघांना एकच. म्हणून मी म्हणेन तिला ७ च धर. निदान एका साइटवरून तुझा आणि दुसरीवरून तिचा असं करू नकोस, तसं करून कुठलंही लग्न जुळवता येतं.

मी जपानी शिकायचो तेव्हा आमच्या सेन्सेईंकडे दर नवीन वर्षाला ह्या ताऱ्यांचं एक छोटं पंचांगासारखं पुस्तक यायचं. त्या त्यात घर बदलायला कुठली दिशा बरी तेच बघायच्या, लग्न वगैरे क्वचित. मी एकदा विचारलं, माझ्या वर्गातल्या सगळ्यांचा नंबर एकच कसा, तर म्हणाल्या, अरे एका वर्षात जन्मलात ना सगळे! हीच ह्याची मोठी मर्यादा. तुझ्याबरोबर दहावीला बसलेली जवळपास सगळी मुलं एक-दोन नंबरांत बसतात, आणि तुझं ७ शी पटत नसेल तर १९९३ मधल्या जवळपास एकाही मुलीशी पटत नाही असं म्हणावं लागेल.

म्हणून तिथे महिन्याचा ताराही बघतात. तुझा जानेवारीचा ३ येतो, लाकूड. तिचा ऑक्टोबरचा ९, अग्नी. लाकडाने आग पेटते, म्हणजे इथे तुमचं जुळतंय आणि ह्यावेळी आधार तुझ्याकडून तिला. घरच्यांना दाखवायचंच असेल तर हे दोन्ही दाखव, पण वर्षाचा भाग लपवू नको, कुणीतरी साइट उघडून बघेलच.