हेल्मेटमधला इंटरकॉम, वाऱ्याचा आवाज आणि चालत्या गाडीवरचा फोन

प्रश्न: हेल्मेटला ब्लूटूथ इंटरकॉम बसवलाय. साठच्या पुढे गेलो की घरचे म्हणतात नुसता वाराच ऐकू येतो. अजून महागाचा घेतला तर फरक पडेल का? आणि गाडी चालवताना कॉल घेणं कितपत सुरक्षित आहे?

नवा इंटरकॉम घ्यायच्या आधी आहे त्याचा माइक कुठे चिकटवलाय ते बघा. दहापैकी सात-आठ जणांची तक्रार तिथेच मिटते, असा माझा अनुभव आहे. मी नोकरीला पुण्यात आणि घर कराडला. महिन्यातून दोनदा तरी सातारा रस्त्याने बाइकवर जातो आणि गेल्या काही वर्षांत मित्रांची बरीच हेल्मेटं उघडून बसलोय, त्यावरून लिहितो.

साधारण ताशी ६० किलोमीटरच्या पुढे इंजिनापेक्षा वाऱ्याचा आवाज मोठा होतो. ब्रिटनमध्ये नव्वदच्या दशकात चालकांच्या कानाजवळ माइक लावून मोजमापं झाली. ६० च्या वेगाला साधारण ९० डेसिबल आणि १६० ला ११० च्या घरात, असे आकडे आले. हा आवाज मुख्यतः हेल्मेटच्या खालच्या काठाशी, मानेजवळ वारा घुसळतो त्यातून तयार होतो. तो घुमणारा, खर्जातला असतो. आपल्या बोलण्यातले स्वर त्यात थोडेफार तग धरतात. स, श, ख, ठ अशा व्यंजनांची ओळख ज्या वरच्या पट्टीत असते, ती मात्र आधी हरवते. म्हणून समोरच्याला ‘कोणीतरी बोलतंय’ एवढं कळतं, काय बोलतंय ते कळत नाही.

मागच्या वर्षी माझ्या मावसभावाची हीच तक्रार होती. इंटरकॉम चांगला होता, हेल्मेट फुल फेस, तरी सगळे म्हणायचे ऐकू येत नाही. एका रविवारी पहाटे आम्ही रस्त्यावरच तपासून पाहिलं. गाडी मी चालवली आणि त्याला त्याचं हेल्मेट घालून मागे बसवलं. चालवणाऱ्याने असले प्रयोग करायचे नाहीत. त्याने माझ्या बायकोला फोन लावला आणि कागदावर लिहून घेतलेले वीस आकडे वाचून दाखवले. ती घरी बसून ऐकू येईल तसे लिहीत होती. ५० च्या वेगाला दोनच चुकले. ८० ला वीसपैकी नऊच बरोबर आले. “भाऊजी, सात म्हणताय की साठ?” हे तिने चार वेळा विचारलं. एकोणसाठ आणि एकोणसत्तर तर तिने सोडूनच दिले.

पुढच्या पेट्रोल पंपावर थांबून हेल्मेट उलटं केलं. फुल फेसमध्ये तारेचा छोटा माइक हनुवटीच्या पट्टीला आतून चिकटवतात. याचा माइक कडेला, गालाच्या फोमजवळ सरकला होता, ओठांपासून चार बोटं लांब. वरचा स्पंजाचा बोंडा गायब होता. वर तो हनुवटीच्या हवेच्या झरोक्याच्या अगदी तोंडाशी होता आणि झरोका उघडा. म्हणजे वारा थेट माइकवर फुंकर मारत होता.

सगळं एकदम न बदलता टप्प्याटप्प्याने बदललं, म्हणजे कशाने काय झालं ते कळतं. झरोका बंद केला तर ८० ला बारा आकडे बरोबर आले. मग माइक उपटून ओठांच्या बरोबर समोर, बोटभर अंतरावर चिकटवला आणि वर स्पंज चढवला. सतरा आले. गळ्याभोवती रुमाल गुंडाळून हेल्मेटच्या खालची फट बुजवली, तेव्हा अठरा. एका हेल्मेटचे, एका रस्त्यावरचे हे आकडे आहेत, तुमचे वेगळे येतील. पण सगळ्यात मोठी उडी कशाने मिळाली ते बघा.

त्यामागचं कारण सोपं आहे. माइक आणि ओठ यांच्यातलं अंतर निम्मं केलं की माइकवर पडणारा तुमचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. वाऱ्याचा आवाज मात्र होता तेवढाच राहतो, कारण तो सगळीकडून येतो. चार बोटांवरून एका बोटावर आलात की हा फायदा दोनदा मिळतो. खोक्यावर लिहिलेलं ‘नॉइज कॅन्सलेशन’ त्यानंतर कामाला येतं. ती आतली प्रक्रिया सतत चालणारी घरघर ओळखून वजा करते, पण ट्रक शेजारून गेल्यावर येणारा झोत तिला आधी कळत नाही. आणि वाऱ्यातून तुमचा आवाज वर आलाच नसेल तर ती वाऱ्याबरोबर शब्दही खाते. तुटक, पाण्यात बुडून बोलल्यासारखा आवाज जातोय असं कोणी सांगितलं, तर हेच चाललंय असं समजा. अशा वेळी ओरडून उपयोग नाही, आवाज फाटतो आणि आणखी बिघडतं.

बसवताना अजून एक बघा. बऱ्याच माइकवर एका बाजूला छोटी खूण असते, ती बाजू ओठांकडे हवी. दांडीवाल्या माइकमध्ये तो उलटा फिरलेला अनेकदा सापडतो.

महागड्या यंत्राने काय मिळतं, तर ब्लूटूथवरच्या जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये आवाज फक्त ३४०० हर्ट्झपर्यंतच जातो आणि ‘स’ चा बहुतेक सळसळाट त्याच्या वर असतो. नव्या रुंद पट्टीच्या कॉलमध्ये तो ७००० हर्ट्झपर्यंत जातो. पण त्यासाठी इंटरकॉम, फोन आणि नेटवर्क तिघांनीही साथ द्यावी लागते. आधी माइक नीट बसवा, मग पैसे खर्च करायचे की नाही ते ठरवा. तुमचं हेल्मेट हाफ फेस असेल तर मात्र अपेक्षा कमीच ठेवा. तिथे दांडीचा माइक उघड्या वाऱ्यात असतो, आणि ६०-७० च्या पुढे कुठल्याही किमतीचं यंत्र लावलं तरी मी चांगला कॉल ऐकलेला नाही.

आता तुमच्या कानाचं. ती नॉइज कॅन्सलेशन समोरच्यासाठी असते, तुमच्या कानातला वारा तिने कमी होत नाही. म्हणून लोक आवाज वाढवत नेतात आणि तिथे नुकसान होतं. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला तो फक्त १५ मिनिटं उरतो. हायवेवर वारा तुम्हाला तिथवर नेऊन ठेवतोच, त्यावर स्पीकर चढवायचा म्हणजे कानांवर अत्याचार आहे. मी हायवेला फोमचे इअरप्लग घालतो आणि त्यावर इंटरकॉम. वारा आणि बोलणं दोन्ही दबतं, पण कान भरून जात नाहीत, त्यामुळे शब्द उलट सुटे ऐकू येतात. हॉर्नही येतो. गावातून हळू जाताना मात्र मी ते काढतो. स्पीकर कानाच्या छिद्रासमोर बसवा, दीड-दोन सेंटिमीटर सरकला तरी आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. आणि जागा होत नाही म्हणून आतला थर्माकोलसारखा थर कधीच खरवडू नका. डोकं वाचवतो तो तोच थर.

कॉल स्वच्छ ऐकू यायला लागला की खरा धोका सुरू होतो, असं मला मनापासून वाटतं. माझ्या बाबतीत काय झालं ते सांगतो. वाईला निघालो होतो. खंबाटकी उतरल्यावर ऑफिसमधून फोन आला, एका कोटेशनचे आकडे बोलायचे होते. आवाज काचेसारखा स्वच्छ, हात हँडलवर, नजर रस्त्यावर. बोलणं संपलं तेव्हा मी भुईंजला होतो. वाईला जिथे वळायचं त्या सुरूर फाट्याची पाटी, तिथली गर्दी, वळणारे ट्रक, यातलं काहीही मला आठवत नव्हतं. डोळे उघडे होते आणि मी त्या फाट्यावरून सरळ निघून गेलो होतो.

पुढे वाचनात आलं की २००८ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात जवळजवळ हाच प्रयोग सिम्युलेटरवर झाला होता. ठरलेल्या फाट्यावर गाडी बाहेर काढायची, एवढंच काम. हँड्सफ्री फोनवर बोलणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांचा फाटा चुकला. शेजारी बसलेल्या मित्राशी बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो बरोबर घेतला. शेजारच्याला तोच रस्ता दिसत असतो. गर्दी आली की तो आपोआप गप्प होतो, कधी ‘अरे, फाटा आला’ म्हणून आठवणही करतो. फोनवरचा माणूस बोलत राहतो, आणि त्यात त्याची चूकही नसते. त्याआधी १९९७ मध्ये टोरांटोच्या कारचालकांच्या फोनच्या नोंदी तपासून निघालं होतं की फोनवर असताना अपघाताची शक्यता सुमारे चौपट होते, आणि हँड्सफ्री असल्याने फायदा झाल्याचं दिसलं नाही. हे दोन्ही अभ्यास कारचे आहेत. दोन चाकांवर तोल, खडी, डिझेल सांडलेलं वळण, एवढं सगळं वरून असतं.

म्हणून इंटरकॉमचे दोन वापर मी वेगळे धरतो. मागे बसलेल्याशी किंवा सोबतच्या बाइकवाल्याशी बोलायला तो उत्तम आहे. मेव्हणा पुढे असतो आणि “डावीकडे खड्डा” किंवा “थांब, समोरून बस येतेय” म्हणतो, तेव्हा त्याचे डोळे मला मिळतात. तिथेही गप्पा लांबायला लागल्या की घाटाच्या आधी आम्ही बंद करतो. नॅव्हिगेशनचा आवाजही ठेवतो, त्याने फोनकडे बघणं वाचतं.

फोन मात्र चालत्या गाडीवर घेत नाही. बऱ्याच इंटरकॉममध्ये कॉल आपोआप उचलायची किंवा नुसतं काही बोललं तरी उचलायची सोय असते. ती अॅपमध्ये जाऊन बंद करा, नाहीतर तुम्ही कोणावर तरी ओरडता आणि कॉल लागतो. घरच्यांना सांगून ठेवलंय की दोनदा लागोपाठ फोन आला तर मी पहिल्या सुरक्षित जागी थांबेन. कडेला म्हणजे हायवेच्या पांढऱ्या पट्टीवर नाही, पंपावर किंवा धाब्यावर. क्वचित चुकून उचलला गेलाच, तर “गाडीवर आहे, थांबून करतो” एवढंच बोलतो. आणि एवढं वाक्य ८० च्या वेगालाही नीट पोचावं, म्हणून माइक बोटभर अंतरावर हवाच.